एच-१बीवर नोकरी गेल्यावर कोणती तारीख धरायची?

प्रश्न : माझा मुलगा डॅलसला एच-१बीवर चौथ्या वर्षात आहे, सूनबाई एच-४ वर आहेत. ६ मार्चला कंपनीने त्याला ‘आजपासून काम थांबवा’ असे सांगितले. पगार पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे २० मार्चपर्यंत दिला आणि वर आठ आठवड्यांचा पगार एकरकमी दिला. पासपोर्टवरचा व्हिसा ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. मग साठ दिवस कधीपासून मोजायचे, की व्हिसा आहे तोवर राहता येते? सूनबाईंचा पासपोर्ट ३० एप्रिलला संपतो, त्याने काही बिघडते का? आणि तोवर मुलाने आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीचे काम तिकडून ऑनलाइन केले तर चालेल ना?

उत्तर :

आपल्या मुलाचे साठ दिवस १९ मे रोजी संपतात. सावधपणे मोजायचे तर ५ मे धरावी लागेल, आणि सूनबाईंची मुदत बहुधा त्याआधीच, ३० एप्रिलला संपत असेल. पासपोर्टवरच्या ऑगस्ट २०२७ या तारखेचा मुक्कामाशी संबंध नाही. फाउंड्रीचे काम तिकडून करू नये. आता यातील प्रत्येक गोष्टीमागचे कारण सांगतो, कारण कारण कळले नाही तर तारखा पाठ करून उपयोग होत नाही. मी राजारामपुरीतल्या कार्यालयातून बरीच वर्षे अमेरिकेतील इमिग्रेशन वकिलांसाठी अशा प्रकरणांची कागदपत्रे तयार करतो. नोकरी गेल्यानंतर फसलेली जी प्रकरणे माझ्यापुढे येतात, त्यांतील बहुतेकांत माणसाने चुकीची तारीख धरलेली असते.

आपल्या मुलाच्या कागदपत्रांत तीन वेगवेगळ्या तारखा आहेत आणि त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. पासपोर्टवरचा व्हिसा मुंबईसारख्या ठिकाणच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाने दिलेला असतो. तो अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागण्यापुरता असतो. तेथे उतरल्यावर सीमा अधिकारी किती दिवस राहायचे ते ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. तिसरी गोष्ट म्हणजे स्टेटस, म्हणजे ज्या कारणासाठी तेथे राहायची परवानगी मिळाली तो दर्जा. एच-१बीचे स्टेटस ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याकडे, त्याच कामावर असण्यावर अवलंबून असते. नोकरी संपली की हा आधार त्याच दिवशी निघून जातो, मग आय-९४ वर पुढचे दीड वर्ष शिल्लक असले तरी. २०१७ पूर्वी अशा माणसाला एक दिवसाचीही सवलत नियमात नव्हती. १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमाने ‘सलग साठ दिवसांपर्यंत, किंवा आय-९४ संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते’ अशी सवलत दिली. या काळात नोकरी नाही एवढ्याच कारणाने स्टेटस मोडले असे धरले जात नाही. मात्र काम करण्याची परवानगी या काळात नसते. ही सवलत मंजूर मुदतीत एकदाच मिळते आणि ती कमी करण्याचा अधिकार तेथील गृहसुरक्षा विभागाने स्वतःकडे राखलेला आहे.

मोजणी कोठून सुरू करायची, हा खरा कळीचा प्रश्न आहे. यूएससीआयएस, म्हणजे असे अर्ज तपासणारा तेथील विभाग, असे सांगतो की साठ दिवस नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात आणि नोकरी संपल्याचा दिवस सर्वसाधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्यावरून ठरतो. आपल्या मुलाच्या बाबतीत तो दिवस २० मार्च आहे. २१ मार्च हा पहिला दिवस धरला तर मार्चचे ११, एप्रिलचे ३० आणि मेचे १९ मिळून १९ मे हा साठावा दिवस येतो. आठ आठवड्यांची एकरकमी रक्कम या हिशेबात येत नाही. ती नोकरी संपल्याबद्दलची भरपाई आहे, नोकरी चालू असल्याचा पगार नाही. पैसे आठ आठवड्यांचे आहेत म्हणून मोजणी मेच्या मध्यापासून सुरू होते, असा समज अनेक घरांत असतो आणि तो फार महागात पडतो.

मग ५ मे कोठून आली? ६ मार्चपासून त्याने प्रत्यक्ष काम केलेले नाही. २० मार्चपर्यंतचे दोन आठवडे त्याला घरी बसून पगार मिळाला. एच-१बी हे काम करण्यासाठी दिलेले स्टेटस असल्याने, प्रत्यक्ष काम थांबले तो दिवसच शेवटचा, असे एखादा अधिकारी म्हणू शकतो. विभागाचे सर्वसाधारण म्हणणे मुलाच्या बाजूचे आहे, पण त्यातील ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द जुगार खेळण्याइतका पक्का नाही. ७ मार्चपासून मोजले तर साठावा दिवस ५ मे येतो. म्हणून सर्व तयारी ५ मेच्या हिशेबाने करावी आणि त्यापुढचे दोन आठवडे काही अडले तर वादासाठी राखून ठेवावेत. मुलाने कंपनीकडून नोकरी संपल्याचे पत्र मागून घ्यावे, त्यात २० मार्च ही तारीख स्पष्ट लिहिलेली असावी आणि २० मार्चपर्यंतचे पगारपत्रक जपून ठेवावे. कंपनीची अंतर्गत वेबसाइट वापरण्याची सोय लवकरच बंद होते, म्हणून पगारपत्रके आणि करासंबंधीचे कागद आजच उतरवून घ्यावेत.

आता सूनबाईंकडे येतो, कारण आपल्या प्रकरणातील खरी अडचण तेथे आहे. पासपोर्टची मुदत कमी उरलेली असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ ची तारीख अनेकदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच ठेवतो. नवऱ्याला एच-१बीच्या मंजुरीपत्रावरची पुढची तारीख मिळते, बायकोला पासपोर्टवरची. दोघे एकाच रांगेतून बाहेर पडतात आणि हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पहिले काम असे की दोघांची आय-९४ स्वतंत्रपणे i94.cbp.dhs.gov या सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून काढावी. सूनबाई मंजुरीनंतर भारतात येऊन गेल्या असतील तर त्यांना शेवटच्या प्रवेशाच्या वेळी मिळालेली तारीख लागू असते. जुन्या मंजुरीपत्राला चिकटलेली आय-९४ पाहून निश्चिंत राहू नये.

समजा त्यांच्या आय-९४ वर ३० एप्रिल २०२६ ही तारीख निघाली. एच-४ हे मुलाच्या स्टेटसवर अवलंबून असल्याने त्याची साठ दिवसांची सवलत त्यांनाही मिळते, पण त्यांच्यासाठी आय-९४ आधी संपते, म्हणून त्यांची सवलतही ३० एप्रिललाच संपेल. यानंतरचा फरक नीट समजून घ्यावा, कारण त्याचे परिणाम फार वेगळे आहेत. मुलाने काहीही न करता मुक्काम १९ मेच्या पुढे नेला, तर त्याचे स्टेटस मोडते. पण त्याची आय-९४ अजून चालू असल्याने, अधिकाऱ्याने किंवा इमिग्रेशन न्यायाधीशाने तसा निर्णय दिल्याशिवाय ‘बेकायदा वास्तव्याचे’ दिवस त्याच्या नावावर साचत नाहीत. सूनबाईंची आय-९४ च संपलेली असल्याने १ मेपासून रोज एक दिवस साचू लागतो. असे १८० हून अधिक दिवस साचल्यावर देश सोडला तर तीन वर्षे परत येता येत नाही. एक वर्ष किंवा त्याहून अधिक साचले तर दहा वर्षे. शिवाय आय-९४ ओलांडून राहिलेल्या माणसाचा पासपोर्टवरचा व्हिसा कायद्याने आपोआप रद्द ठरतो. एकाच घरातील दोघांपैकी मुलाची फाइल दुरुस्त होण्यासारखी आणि सूनबाईंची बिघडलेली, अशी स्थिती केवळ पासपोर्ट वेळेत न बदलल्यामुळे येऊ शकते. सूनबाईंनी तेथील भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत पासपोर्ट नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात करावा. मात्र नवा पासपोर्ट हाती आला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मुदतीच्या आत करण्यासारख्या गोष्टी मुख्यतः दोन आहेत. पहिली आणि सर्वांत सरळ म्हणजे नवी नोकरी. नव्या कंपनीने साठ दिवसांच्या आत त्याच्यासाठी एच-१बीचा अर्ज केला आणि तो यूएससीआयएसकडे पोचला, तर मंजुरीची वाट न पाहता मुलगा तेथे कामाला लागू शकतो. सन २००० च्या एका कायद्याने ही सोय झाली आहे. येथे अर्ज पोचल्याची तारीख मोजली जाते, कंपनीने सही केल्याची किंवा कुरियरला दिल्याची नव्हे. अर्जाआधी कंपनीला श्रम विभागाकडून पगाराच्या अटींचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याला कामाचे सात दिवस लागतात. त्यानंतर वकील कागद जमवतो. कंपनी तत्पर असेल तरी नियुक्तिपत्र आणि अर्ज यांत दोन ते तीन आठवडे सहज जातात. म्हणजे ५ मेचे लक्ष्य असेल तर नियुक्तिपत्र एप्रिलच्या मध्यापर्यंत हातात हवे. मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत मुलाने ही तारीख सांगून टाकावी. ती लपवून शेवटच्या आठवड्यात सांगणाऱ्या उमेदवाराचा अर्ज मोठ्या कंपन्यांच्या प्रक्रियेत अडकतो. सूनबाईंची एच-४ वाढवून घेण्याचा अर्ज कंपनीच्या अर्जासोबतच लावता येतो, पण त्यांच्यासाठी तो ३० एप्रिलच्या आत गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टेटस बदलण्याचा अर्ज, बहुधा बी-२ या पर्यटक वर्गात, आय-५३९ या फॉर्मवर. पतिपत्नी एकाच अर्जात सामील होऊ शकतात. नोकरी शोधणे आणि मुलाखती देणे या वर्गात चालते, असे यूएससीआयएसने स्वतः म्हटले आहे. काम सुरू करणे चालत नाही. अर्जात थोड्या मुदतीसाठी राहायचे कारण, तोवरचा खर्च भागवण्याइतकी शिल्लक आणि मुदतीनंतर परत जाण्याचा इरादा दाखवावा लागतो. येथे आपली मदत होऊ शकते : कोल्हापुरातील घराची कागदपत्रे आणि आपण खर्चाची हमी देत असाल तर आपले बँक विवरण, यांच्या स्वच्छ स्कॅन प्रती पाठवाव्यात. मराठीतील कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे लागते. आपल्या प्रकरणात हा अर्ज दोघांच्या नावाने ३० एप्रिलच्या बऱ्याच आधी पोचावा, असे माझे मत आहे; नवी नोकरी तोवर मिळाली तर उत्तमच, अर्ज वाया गेला तरी फीच जाईल.

या अर्जाने नक्की काय मिळते, याबद्दल मात्र फार गैरसमज आहे. मुदतीत केलेला, खरा आणि पूर्ण अर्ज प्रलंबित असताना, त्या माणसाने बेकायदा काम केलेले नसेल तर, बेकायदा वास्तव्याचे दिवस साचत नाहीत. पण साठ दिवसांनंतर त्याच्याकडे एच-१बीचे स्टेटस नसते आणि बी-२ अजून मिळालेले नसते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तेवढाच हा आधार आहे. नोकरी जूनमध्ये मिळाली असे धरू. आता नवी कंपनी अर्ज करील, पण मंजुरीआधी कामाला लागण्याची सोय त्याला मिळणार नाही. शिवाय अमेरिकेत राहूनच एच-१बीत परतण्याची मागणी बी-२ च्या निकालावर टांगलेली राहील. कंपनीने जादा फी भरून प्रीमियम प्रक्रिया घेतली तर कंपनीच्या अर्जाचा निर्णय कामाच्या पंधरा दिवसांत लागतो. बी-२ च्या अर्जाला ती सोय नाही आणि तो महिनोन्महिने पडून राहू शकतो. बी-२ नाकारले गेले तर कंपनीचा अर्ज मंजूर होऊनही मुलाला देश सोडून पुन्हा प्रवेश घ्यावा लागेल. तेथे ऑगस्ट २०२७ चा व्हिसा कामास येतो, कारण जुन्या कंपनीच्या वेळचा व्हिसा मुदतीत असेल तर नव्या कंपनीच्या मंजुरीपत्रासोबत तो वापरता येतो.

सप्टेंबर २०२५ पासून या विलंबाला आणखी एक किंमत जोडली गेली आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. ऑक्टोबर २०२५ च्या खुलाशानुसार, अमेरिकेत वैध स्टेटसमध्ये असलेल्या माणसाची मुदत वाढवण्यासाठी किंवा स्टेटस बदलण्यासाठी केलेल्या अर्जाला ती लागू नाही. परंतु अर्ज तपासताना तो माणूस वैध स्टेटसमध्ये नव्हता असे आढळले, तर ती भरावी लागते. साठ दिवसांच्या आत आणि नंतर पोचलेल्या अर्जांतील फरक पूर्वी गैरसोयीचा होता, आता तो नवी कंपनी हातची घालवू शकतो. त्या घोषणेची मूळ मुदत बारा महिन्यांची होती, त्यामुळे अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम वकिलाकडून लेखी विचारून घ्यावा.

फाउंड्रीच्या कामाचे बोलायचे तर आपली भावना मला कळते. मुलगा रिकामा बसला आहे, घरचेच हिशेब आणि मालाच्या ऑर्डरी आहेत, पगारही भारतातच जमा होईल. तरीही काम करणारा माणूस ज्या जमिनीवर बसलेला आहे ती टेक्सासची आहे, आणि पैसे शिरोलीतून निघतात म्हणून ते काम अमेरिकेबाहेर झाले असे तेथील अधिकारी मानतीलच असे नाही. आय-५३९ फॉर्ममध्ये, शेवटच्या प्रवेशानंतर अमेरिकेत नोकरी केली का, हा प्रश्न असतो आणि उत्तराखाली शपथेवर सही असते. एच-१बीच्या नोकरीचा तपशील द्यावाच लागेल. त्यात २० मार्चनंतरचे काही लिहावे लागू नये. वर सांगितलेले प्रलंबित अर्जाचे संरक्षण अनधिकृत कामाने जाते, म्हणून थोड्या कामासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. फोनवरून वडिलांशी धंद्याविषयी बोलणे वेगळे, रोज लॉगइन करून बिले तयार करणे वेगळे.

या काळात भारतात धावती भेट देऊ नये. साठ दिवसांची सवलत अमेरिकेत असलेल्या माणसासाठी आहे. बाहेर पडताच ती संपते आणि प्रलंबित स्टेटस-बदलाचा अर्जही सोडून दिला असे धरले जाते. नोकरी नसताना जुन्या व्हिसावर परत प्रवेश मागणे म्हणजे विमानतळावर नसलेल्या नोकरीविषयी उत्तर देणे.

ग्रीन कार्डसाठी कंपनीने आय-१४० अर्ज केला होता का, हे आपण लिहिलेले नाही. केला असेल आणि तो मंजूर होऊन १८० दिवस झालेले असतील, तर कंपनीने नंतर तो मागे घेतला तरी मंजुरी टिकते. त्याआधी मागे घेतला तर मंजुरी जाते, पण फसवणुकीसारखे कारण नसेल तर ग्रीन कार्डच्या रांगेतील तारीख मुलाकडेच राहते. मंजुरीची तारीख पाहून, १८० दिवसांना थोडेच दिवस उरले असतील तर तोवर अर्ज मागे घेऊ नये, अशी विनंती मनुष्यबळ विभागाला करून पाहावी. विचारायला पैसे पडत नाहीत आणि पुष्कळदा ऐकले जाते.

परत यायचेच ठरले तर एक गोष्ट कंपनीकडून मागून घ्यावी. एच-१बी कर्मचाऱ्याला मुदतीपूर्वी कामावरून काढले तर त्याला मूळ देशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च देऊ करणे कंपनीवर बंधनकारक आहे. तो फक्त मुलाचा मिळेल, सूनबाईंचा नाही, आणि स्वतःहून राजीनामा दिलेल्याला मिळत नाही. म्हणून जादा रकमेच्या कागदावर सही करताना त्यात कोठे ‘राजीनामा’ असे लिहिले आहे का ते मुलाने वाचावे. परत आल्याने एच-१बीची उरलेली वर्षे जात नाहीत. एकूण सहा वर्षांपैकी जी शिल्लक असतील त्यांसाठी पुढे एखादी कंपनी, नव्या उमेदवारांसाठी दरवर्षी निघते त्या लॉटरीशिवाय, अर्ज करू शकते. मात्र माणूस बाहेर असताना केलेल्या अर्जाला त्या एक लाख डॉलरचा प्रश्न येतो आणि तेथे पासपोर्टवरचा व्हिसा त्या दिवशी मुदतीत आहे की नाही याला महत्त्व आहे. निघताना दोघांनी बोर्डिंग पास आणि इकडच्या विमानतळावरचा प्रवेशाचा शिक्का यांचे फोटो ठेवावेत. काही आठवड्यांनी त्याच संकेतस्थळावर आपल्या निर्गमनाची नोंद झाली आहे का ते पाहावे, आणि नसेल तर हेच फोटो पुरावा म्हणून वापरावेत.